पहिला थेंब रेंगाळतो, मग विसावा का नाही?

जानेवारीत बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पीयूसी सेकंड इयरची मुलं प्रॅक्टिकलच्या धास्तीत असतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं दोन वर्षांत इंग्रजीत केमिस्ट्री घोकून काढतात, आणि वायवाची उत्तरं तर त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी येतात. माझ्याकडे शिकवणीला येणारी खानापूर तालुक्यातली एक मुलगी अशीच पाठ करून गेली होती. संध्याकाळी परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन.

"मॅडम, बरोबरच सांगितलो की मी. तरी सरांनी चूक म्हटलं."

तिच्याकडून सगळं नीट ऐकून घेतलं. एक्स्टर्नलनी तिला फसवलं नव्हतं. तिचं पहिलं उत्तर पुस्तकात तसंच आहे, आणि त्यांनी ते मान्यही केलं होतं. पुढच्या प्रश्नाला तिने तेच उत्तर तितक्याच ठामपणे पुन्हा दिलं आणि तिथे ते चुकलं. का चुकलं हे तिला समजावताना जे बोलले तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रयोग दरवर्षी शेकडो मुलं करतात आणि बहुतेक जण इथेच अडखळतात.

प्रयोग ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनचा. पिपेटने १० मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात तेवढंच डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, फ्लास्क ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करायचा आणि मग ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. प्रत्येक थेंबाचा रंग फ्लास्कमध्ये पडला की जातो. ज्या थेंबानंतर फिकट गुलाबी रंग टिकून राहतो, तो एंड पॉइंट. वेगळा इंडिकेटर लागत नाही, कारण परमँगनेट स्वतःच इतकं रंगीत असतं की एक जादा थेंबही दिसतो. आत घडतं ते असं:

```
2KMnO4 + 3H2SO4 + 5H2C2O4 → K2SO4 + 2MnSO4 + 8H2O + 10CO2
```

ऑक्झॅलिक ॲसिड ०.०५ मोलर आणि परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर १० मिलिलिटरला बरोबर १० मिलिलिटर लागतं. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर हे झाले २०० थेंब. हा २०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

एक्स्टर्नलनी पहिल्यांदा विचारलं, फ्लास्क गरम का केलास? ती म्हणाली, खोलीच्या तापमानाला ही रिॲक्शन फार हळू होते, गरम केल्यावर वेग वाढतो. उत्तर बरोबर होतं. मग त्यांनी तिच्याच फ्लास्ककडे बोट दाखवून विचारलं, सुरुवातीचे थेंब टाकलेस तेव्हा काय दिसलं? तिने पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. पहिल्या दोन-तीन थेंबांचा रंग जायला वेळ लागत होता, नंतर थेंब पडला की लगेच रंग जात होता. "असं का?" या प्रश्नावर ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "गरम केल्यामुळे, सर."

त्यावर त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "बर्नरवरून फ्लास्क कधी उतरवलास?"

पहिला थेंब टाकण्याच्या आधीच तिने तो उतरवला होता. म्हणजे पहिल्या थेंबाला फ्लास्क सगळ्यात गरम होता. विसाव्या थेंबाला तो त्याहून गार होता, शंभराव्या थेंबाला आणखी गार. वेग जर फक्त उष्णतेवर अवलंबून असता, तर पहिल्या थेंबाचा रंग सगळ्यात लवकर जायला हवा होता आणि शेवटच्याचा सगळ्यात उशिरा. तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं ते याच्या नेमकं उलट.

फ्लास्क किती गार होतो याचा हिशेब आम्ही दोघींनी कागदावर मांडला. फ्लास्कमध्ये २० मिलिलिटर द्रव ६० अंशांना आहे. सकाळच्या बॅचला आपल्याकडे जानेवारीत चांगलाच गारठा असतो, म्हणून ब्युरेटमधलं परमँगनेट २२ अंशांना आहे असं धरू. हवेत एक कणही उष्णता गेली नाही असं मानलं तरी या २० मिलिलिटरमध्ये २२ अंशांचं १० मिलिलिटर मिसळल्यावर सगळं मिळून तापमान येतं सुमारे ४७. प्रत्यक्षात काचेतून, हवेतून, ढवळण्यातून आणखी उष्णता जातेच. म्हणजे प्रयोग संपेपर्यंत फ्लास्क निदान तेरा अंशांनी उतरलेला असतो. दहा अंश कमी झाले की बऱ्याच रिॲक्शन्सचा वेग निम्म्यावर येतो, असा एक ढोबळ अंदाज आपण वर्गात वापरतो. त्या अंदाजाने नंतरचे थेंब दुपटीहून जास्त वेळ रेंगाळायला हवेत.

शिवाय दुसरी गोष्टही वेग कमी करणारीच आहे. जसजसे थेंब पडतात तसतसं ऑक्झॅलिक ॲसिड संपत जातं. रिॲक्शनमध्ये भाग घेणारा पदार्थ कमी झाला की वेग घटतो, हे ती कायनेटिक्सच्या धड्यात शिकलेली होती. तापमान उतरतंय आणि पदार्थही घटतोय, तरी सुरुवातीला वेग मात्र वाढतोय. याचा अर्थ फ्लास्कमध्ये तिसरंच काहीतरी वाढत असलं पाहिजे, आणि ते इतकं जोरकस असलं पाहिजे की या दोन्ही घटींवर मात करतं.

इथे मी तिला थांबवून विचारलं, "थेंबागणिक फ्लास्कमध्ये काय वाढतंय?"

ती म्हणाली, "परमँगनेट." पण परमँगनेट तर पडलं की संपतं, रंग जातो याचा अर्थच तो. मग तिने इक्वेशनची उजवी बाजू बघितली. पाणी, कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियम सल्फेट आणि मँगनीज सल्फेट. पाणी तिथे आधीपासून भरपूर आहे. कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरतं मँगनीज सल्फेट, म्हणजे `Mn2+` आयन. ते सुरुवातीला फ्लास्कमध्ये अजिबात नसतं आणि प्रत्येक थेंबाबरोबर थोडं थोडं जमत जातं. पहिल्या थेंबाने एक वाटा तयार होतो, विसाव्या थेंबापर्यंत वीस वाटे, शेवटी २०० वाटे. हा आयन इतका फिका असतो की या प्रमाणात तो रंगहीनच दिसतो. म्हणून आपल्या नजरेला फ्लास्क पहिल्यासारखा स्वच्छ वाटतो आणि आत काही बदललंय याचा पत्ता लागत नाही. माझ्या मते मुलं इथे चुकतात याचं मोठं कारण हेच आहे. जे दिसतं त्याला ती कारण मानतात, आणि बर्नर दिसतो.

या रिॲक्शनमधून तयार होणारा पदार्थच त्या रिॲक्शनचा वेग वाढवतो. याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात. घरात दही लावताना जे होतं त्याच्याशी हे बरंच जुळतं. नुसतं कोमट दूध ठेवलं तर दही व्हायला फार वेळ लागतो. चमचाभर विरजण घातलं की दही वेळेत लागतं, आणि त्या तयार दह्यातला चमचाभर पुन्हा उद्याचं विरजण होतो. विरजणातले जंतू जिवंत असतात आणि आपले आपण वाढतात, आयन काही तसे आपले आपण वाढत नाहीत, तेवढा फरक आहेच. पण "जे बनतं तेच पुढचं बनवायला मदत करतं" हा गाभा दोन्हीकडे सारखा आहे. दुधाला कोमटपणाही लागतो आणि विरजणही लागतं. तिने कोमटपणा सांगितला होता, विरजण सोडून दिलं होतं.

हे मँगनीज मदत नेमकी कशी करतं? परमँगनेटमधलं मँगनीज +७ अवस्थेत असतं आणि शेवटी ते +२ वर येतं. ऑक्झॅलिक ॲसिडशी परमँगनेटची थेट गाठ पडते तेव्हा हे काम अतिशय संथ चालतं. पण फ्लास्कमध्ये +२ चं मँगनीज असेल, तर परमँगनेट आधी त्याच्याशी रिॲक्ट होतं आणि मधल्या टप्प्यात +३ अवस्थेतलं मँगनीज तयार होतं. हे +३ चं मँगनीज ऑक्झॅलेटला पटकन धरून ठेवतं, ऑक्झॅलेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि मँगनीज स्वतः +२ वर परत येतं. म्हणजे मदत केलेला आयन खर्च न होता पुन्हा मोकळा होतो, आणि परमँगनेटमधून आलेला नवा आयन त्यात भर घालतो. पहिल्या थेंबाच्या वेळी ही वाट उपलब्धच नसते, कारण फ्लास्कमध्ये +२ चा एकही आयन नसतो. म्हणून तो रेंगाळतो.

ही माहिती नवी नाही. ऑक्सफर्डमध्ये हार्कोर्ट आणि एसन या दोघांनी १८६६ च्या सुमारास रिॲक्शनचा वेग मोजण्यासाठी जे काम केलं, त्यात परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचीच जोडी होती. रिॲक्शनचा वेग कसा मोजायचा हे ज्या प्रयोगांनी शिकवलं त्यांपैकी एक आपली मुलं दरवर्षी हातात धरतात, आणि आपण त्यांना त्याबद्दल एक ओळ पाठ करायला देतो. मला याचं वाईट वाटतं, आणि माझ्या शिकवणीतही इतकी वर्षं तेच चाललं होतं.

तिला हे पटलं होतं, पण नुसतं पटून भागणार नव्हतं. "उष्णतेने नाही, मँगनीजने वेग वाढला" हेसुद्धा तिने पाठच केलं असतं तर पुढच्या उपप्रश्नाला पुन्हा तीच गत झाली असती. एक्स्टर्नलनी तिला शेवटी विचारलंही होतं, "आणखी काही कारण असेल तर ते सिद्ध कसं करशील?" त्यावर ती गप्प राहिली होती. म्हणून आम्ही ते करूनच बघितलं.

आधी एक नेहमीचं टायट्रेशन पूर्ण केलं आणि तो फ्लास्क गार होऊ दिला. त्यात आता ऑक्झॅलिक ॲसिड संपलेलं आहे, परमँगनेटचा जेमतेम एक जादा थेंब आहे, आणि २०० थेंबांमधून जमलेलं मँगनीज आहे. मग दोन नवे फ्लास्क घेतले. दोन्हींत १० मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड आणि १० मिलिलिटर डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड. एकही गरम केला नाही. एकात संपलेल्या फ्लास्कमधलं ३ मिलिलिटर द्रव घातलं, दुसऱ्यात तेवढंच साधं डिस्टिल्ड वॉटर. संपलेल्या फ्लास्कमध्ये एकूण ३० मिलिलिटर होतं, म्हणजे ३ मिलिलिटरमध्ये त्याचा दहावा हिस्सा, वीस थेंबांइतकं मँगनीज आलं. हेच आमचं विरजण.

दोन्हींत परमँगनेटचे सहा-सहा थेंब टाकले आणि फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवून हलवत राहिलो. विरजणाच्या फ्लास्कमधला गुलाबी रंग आधी पिवळसर-तपकिरी झाक घेऊन मग नाहीसा झाला, मी वीस आकडे मोजायच्या आत. ती झाक म्हणजे मघाचं मधल्या टप्प्यातलं +३ चं मँगनीज. गरम फ्लास्कमध्ये ते इतक्या लवकर येऊन जातं की दिसतच नाही, थंडीत मात्र डोळ्यांना सापडतं. साध्या पाण्याच्या फ्लास्कमध्ये दोन मिनिटं होत आली तरी गुलाबी रंग तसाच होता. दोन्ही फ्लास्क एकाच टेबलावर, एकाच तापमानाला होते. तिला काही सांगावं लागलं नाही.

इथे एक काळजी घ्यायला हवी. ही तपकिरी झाक स्वच्छ, आरपार दिसणारी असते आणि जाते. फ्लास्क गढूळ तपकिरी झाला आणि तसाच राहिला, तर ती वेगळी गोष्ट आहे. ते मँगनीज डायऑक्साइड असतं. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं किंवा परमँगनेट भराभर ओतलं की ते होतं, आणि ते रीडिंग सोडून द्यावं लागतं. मुलं दोन्हींना "ब्राउन आलं" असंच म्हणतात, म्हणून वेगळं करून सांगितलं.

मग गरम करायचंच कशाला, असं तिने विचारलं, आणि हा प्रश्न मला आवडला. उष्णतेचं कारण चूक नव्हतंच. पहिल्या थेंबांना मँगनीजची मदत नसते, तेव्हा त्यांना उष्णतेचाच आधार असतो. पुढची मँगनीजची वाटही ऊब असेल तर जास्त भराभर चालते. शिवाय शेवटी शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड अगदी थोडं उरतं आणि फ्लास्क गार झालेला असतो, तेव्हा वेग पुन्हा मंदावतो. गारठ्यातल्या सकाळच्या बॅचमध्ये नेमकं इथे फसायला होतं. थेंबाचा रंग टिकलेला दिसतो, मुलगी ब्युरेट बंद करते आणि रीडिंग लिहिते. खरं तर रिॲक्शन अजून व्हायची असते, फक्त ती हळू चाललेली असते. असं रीडिंग एक-दोन थेंबांनी किंवा त्याहून जास्त कमी येतं आणि तीन रीडिंग जुळत नाहीत. शंका आली तर फ्लास्क पुन्हा किंचित गरम करून बघावा. रंग गेला तर तो एंड पॉइंट नव्हता. खरा एंड पॉइंट असेल तर गुलाबी रंग निदान अर्धा मिनिट टिकतो. उलट उकळी येईपर्यंत तापवणंही वाईट, कारण ऑक्झॅलिक ॲसिड स्वतःच तुटू लागतं आणि रीडिंग कमी येतं.

"गरम केल्यामुळे" हे एकच उत्तर सगळीकडे लावणाऱ्याला आणखी एक उपप्रश्न हमखास पडतो, आणि तिच्या शेजारच्या मुलाला तो पडलाही होता. परमँगनेटचं दुसरं टायट्रेशन मोहर्स सॉल्टबरोबर असतं. ते गरम का करत नाही? गरम केल्याने वेग वाढतो एवढंच डोक्यात असेल तर मूल म्हणतं, केलं तर चालेल, लवकर होईल. चालत नाही. मोहर्स सॉल्टमधल्या फेरस आयनाशी परमँगनेट थंडीतही झटकन रिॲक्ट होतं, तिथे मदतीची गरजच नसते. आणि गरम केलं तर फेरस आयन हवेतल्या ऑक्सिजनमुळेच फेरिक होऊ लागतो. परमँगनेटचं काम हवा करून टाकते आणि रीडिंग कमी येतं.

मग तिच्याकडून वायवाचं उत्तर पुन्हा म्हणवून घेतलं, यावेळी तिच्या शब्दांत. ती म्हणाली, "सुरुवातीला वेग कमी असतो म्हणून फ्लास्क गरम करतात. पण नंतर फ्लास्क गार होत असूनही रंग लवकर जातो, कारण तयार झालेलं मँगनीज सल्फेट कॅटॅलिस्टचं काम करतं. थंड फ्लास्कमध्ये चिमूटभर मँगनीज सल्फेट घालून हे दाखवता येतं." माझ्या दृष्टीने हे उत्तर पूर्ण आहे. यात तिने काय पाहिलं, त्याचं कारण काय आणि ते तपासायचं कसं, तिन्ही आलं. पुढचा प्रश्न यातल्या कुठल्याही भागावर आला तरी तिला बोलता येईल.

मी ब्युरेट धुवायला घेतली तर ती म्हणाली, "मॅडम, थांबा. गरम फ्लास्कमध्ये आधीपासूनच मँगनीज सल्फेट घातलं तर पहिला थेंब रेंगाळायलाच नको ना?" सॉल्ट ॲनालिसिसच्या रॅकवर मँगनीज सल्फेटची बाटली होती. तिने स्पॅच्युलाच्या टोकावर मावेल एवढंच घेतलं, फ्लास्क साठ अंशांवर आणला, बर्नरवरून उतरवला आणि पहिला थेंब सोडला. तो द्रवाला टेकला आणि त्याचा रंग तिथल्या तिथे गेला.